म्यूट की होल्ड? पलीकडच्याच्या कानात नक्की काय जातं

मागच्या द्राक्षाच्या सीझनला मी मामाकडे दिंडोरीला गेलो होतो, रविवार होता, ओट्यावर चहा चालू होता आणि मामा व्यापाऱ्याशी फोनवर रेट ठरवत होते. मामा ४५ वर अडून बसलेले, व्यापारी ४० च्या पुढे सरकायला तयार नाही. मग व्यापारी म्हणाला, "मामा, दोन मिनिटं होल्ड करा, पार्टनरला विचारून सांगतो." लाईन एकदम शांत. मामांनी फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला आणि मामीकडे वळून म्हणाले, "४५ म्हणतोय मी, पण ४२ ला पण देऊन टाकू, आभाळ आलंय, उगाच ताणण्यात अर्थ नाही." मामी म्हणाली, "द्या की मग." दीड मिनिटाने व्यापारी परत आला आणि पहिलंच वाक्य, "मामा, पार्टनर ४२ च्या वर नाही म्हणतोय हो."

मामा चकित. "बघ, बरोब्बर ४२!" मी चहाचा कप खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला, कारण त्या दीड मिनिटात काय झालं असणार ते मला कळलं होतं. मी गेली १४ वर्षं नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कंपन्यांमध्ये ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातले फोन जोडणारा डबा, आणि इंटरकॉम बसवायचं काम करतो, म्हणजे लोकांच्या फोनवरच्या शांततेचे प्रकार ओळखणं हाच माझा धंदा आहे असं म्हटलं तरी चालेल. व्यापारी तोंडाने होल्ड म्हणाला, पण बोटाने बहुतेक म्यूट दाबलं. आणि या दोन बटणांत जो फरक आहे तो बहुतेकांना उलटा माहीत असतो.

आधी म्यूट. म्यूट दाबलं की फक्त तुमच्या फोनचा माईक बंद होतो, बास. बाकी कॉल जसाच्या तसा चालू असतो, टायमर पळत असतो, समोरच्याचा आवाज तुमच्या कानात येत असतो. नेटवर्कला, म्हणजे टॉवर आणि त्यामागच्या सगळ्या यंत्रणेला, तुम्ही म्यूट केलंय हे माहीतच नसतं, कारण ही तुमच्या हातातल्या फोनच्या आतली गोष्ट आहे. नेटवर्कला माहीत नाही म्हणजे समोरच्याच्या फोनला सांगणार कोण? कोणीच नाही. साध्या कॉलमध्ये समोरच्याच्या स्क्रीनवर 'यांनी म्यूट केलंय' असं कधीच येत नाही, ना बीप, ना गाणं. (व्हॉट्सॲप कॉलवर येतं, तिथे समोरच्याला म्यूटचं चिन्ह दिसतं, कारण तिथे दोन्ही बाजूला एकच ॲप असतं आणि ते एकमेकांना निरोप देऊ शकतं.)

म्हणजे मामांच्या बाजूने बघा. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणून त्यांनी धरून चाललं की पलीकडे पण काही ऐकू जात नाही. पण फोनवर जाणारा आवाज आणि येणारा आवाज हे दोन वेगळे रस्ते आहेत, एक बंद झाला म्हणून दुसरा बंद होत नाही. व्यापाऱ्याने त्याच्याकडून येणारा रस्ता बंद केला, मामांकडून जाणारा सताड उघडा, आणि वर स्पीकर चालू, म्हणजे मामीचं 'द्या की मग' पण गेलं असणार.

आता मला एवढी खात्री का वाटली? कारण शांतता कशी होती ते मी ऐकलं. व्यापारी बोलत होता तेव्हा मागे ट्रकचा, हमालांचा आवाज होता. तो 'विचारून सांगतो' म्हणाला आणि पुढच्या क्षणाला ट्रकसकट सगळं गायब, जणू खोलीचं दार लावलं. ना कुठली अनाउन्समेंट, ना बीप. अशी कोरी शांतता ही म्यूटची खूण आहे, आणि ती इतकी कोरी का असते हे जरा मजेशीर आहे.

आपण फोनवर बोलतो तो आवाज सलग जात नाही. फोन त्याचे २० मिलिसेकंदाचे तुकडे करतो, म्हणजे सेकंदाला ५० तुकडे, आणि एकेक पाठवतो. पण माणूस गप्प असताना पण तेवढेच तुकडे पाठवले तर बॅटरी पण जाते आणि नेटवर्कवरची जागा पण फुकट जाते. म्हणून फोन काय करतो, तुम्ही गप्प झालात हे ओळखतो आणि आवाजाचे तुकडे पाठवणं थांबवून मधून मधून एक छोटी चिठ्ठी पाठवतो, की बाबा इथे मागे साधारण एवढा आणि असा आवाज आहे, पंख्याची घरघर समजा. मोबाईलच्या नेहमीच्या पद्धतीत ही चिठ्ठी दर ८ तुकड्यांमागे एक जाते, म्हणजे साधारण सेकंदाला सहा. समोरचा फोन त्या चिठ्ठीवरून स्वतःच तशी हलकी खरखर तयार करतो आणि कानात सोडतो. म्हणजे समोरचा गप्प असताना तुम्हाला जी बारीक 'श्श्श' ऐकू येते ती पुष्कळदा त्याच्या खोलीची नसतेच, तुमच्याच फोनने बनवलेली असते. याला कम्फर्ट नॉईज म्हणतात, आणि नाव बरोबर आहे, कारण ती नसली की माणूस अस्वस्थ होतो आणि कॉल कट झाला असं समजून 'हॅलो? हॅलो?' करायला लागतो.

म्यूट केल्यावर माईककडून येतं शून्य. मग चिठ्ठीत पण तेच जातं, मागे काहीच आवाज नाही. समोरचा फोन इमानदारीत तसंच करतो, काहीच वाजवत नाही, किंवा अगदी जेमतेम. रात्रीच्या वावरात पण एवढी शांतता नसते हो, तिथे किडे तरी किरकिरतात. म्हणून जिथे एखादा माणूस खरोखर नुसता गप्प बसलाय आणि जिथे म्यूट आहे, यातला फरक कान देऊन ऐकलं तर कळतो. गप्प माणसामागे काहीतरी असतं, श्वास, पंखा, रस्ता. म्यूटमागे काहीच नसतं.

नेटवर्क गेल्याची शांतता अजून वेगळी. तुकडे वाटेत हरवायला लागले की तुमचा फोन आधी मागचाच तुकडा ताणून वेळ मारून नेतो, म्हणून आवाज रोबोटसारखा, डब्यातून आल्यासारखा होतो, मग तुटतो, मग थोड्या वेळात पार शांत होतो. त्र्यंबकच्या घाटात गाडीतून बोलणाऱ्याचं हेच होतं. म्यूटमध्ये हे रडगाणं नसतं, सुरीने कापल्यासारखा आवाज थांबतो, कधी कधी शब्दाच्या मधोमध.

हे सगळं वाचून पटत नसेल तर घरी करून बघा, मी भाच्याला घेऊन केलं. एक फोन त्याच्याकडे गॅलरीत, एक माझ्याकडे स्वयंपाकघरात, आणि गॅसवर कुकर. मी कॉल लावला, कुकरची शिट्टी होऊ दिली, तो ओरडला "ऐकू आली." मग मी म्यूट दाबलं, दुसरी शिट्टी, तो म्हणाला "काहीच नाही, कट झाला का?" आणि हे वाक्य मला माझ्या फोनमधून व्यवस्थित ऐकू आलं, हाच तर मुद्दा. मग म्यूटवरच ठेवून मी कीपॅड उघडून ५ दाबला. भाचा दचकला. "मामा, टूं वाजलं!"

हे मलाही पहिल्यांदा कळलं तेव्हा गंमत वाटली होती. म्यूट असताना आकडे दाबले तरी त्याचा टोन समोर जातो, कारण तो टोन माईकमधून जातच नाही. फोन नेटवर्कला वेगळा निरोप पाठवतो की ५ दाबलाय, आणि टोन पुढे तयार होतो. म्हणजे म्यूट करून फोन गालाशी धरलात आणि कीपॅड उघडं राहून गालाने आकडे दाबले गेले तर समोरच्याच्या कानात टूं-टां चालू राहतं आणि तुम्हाला वाटतं आपण तर म्यूटवर आहोत. याचा फायदा पण आहे. बँकेच्या किंवा गॅसच्या नंबरवर 'मराठीसाठी अमुक दाबा' चालू असताना मागे घरात टीव्ही बोंबलत असेल तर खुशाल म्यूट करा आणि आकडे दाबत राहा, सगळं चालतं, आणि जिथे मशीन तुमचं बोलणं ऐकायला बसलेलं असतं तिथे टीव्हीवरच्या सासूचं वाक्य तुमचं उत्तर म्हणून जात नाही.

आता होल्ड. हे बटण फोनच्या आत काही करत नाही, हे नेटवर्कला सांगतं. तुम्ही होल्ड दाबलं की तुमचा फोन नेटवर्कला निरोप पाठवतो की हा कॉल तोडू नका पण बाजूला ठेवा. नेटवर्क मग दोन्ही रस्ते बंद करतं. तुमचा आवाज तिकडे नाही आणि तिकडचा आवाज तुमच्याकडे पण नाही. हा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. होल्डवर ठेवणाऱ्यालाही काही ऐकू येत नाही. त्या दिवशी व्यापाऱ्याने खरंच होल्ड दाबलं असतं तर मामांचं ४२ त्याच्यापर्यंत पोचलंच नसतं.

आणि दोन्हीकडचा रस्ता बंद झाल्यावर होल्डवर ठेवलेल्या माणसाच्या कानात जे येतं ते कोण पाठवतं? समोरचा माणूस नाही, नेटवर्क. तुमच्या-माझ्या अनुभवातलं आहे, 'आपण ज्यांच्याशी बोलत आहात त्यांनी आपला कॉल होल्डवर ठेवला आहे' अशा अर्थाचं कुणीतरी बाई हिंदी-इंग्रजीत सांगत राहते, किंवा थांबून थांबून बीप येते, किंवा गाणं. काय येणार हे कंपनी, सर्कल आणि कॉल कुठून कुठे गेलाय यावर ठरतं, आणि कधी कधी काहीच येत नाही, म्हणून मी वर व्यापाऱ्याबद्दल 'बहुतेक' म्हटलं. काही फोनवर तुम्हाला होल्डवर ठेवल्याचं स्क्रीनवर लिहून पण येतं, म्हणजे आवाज नसेल तरी स्क्रीनकडे एकदा नजर टाकायला हरकत नाही.

४जी वर म्हणजे व्होल्टेवर हा निरोप कसा जातो ते बघायचं असेल तर तो अक्षरशः एका ओळीचा असतो. कॉल चालू असताना दोन्ही बाजूंचं ठरलेलं असतं

```
a=sendrecv
```

म्हणजे पाठवणार पण आणि घेणार पण. होल्ड दाबल्यावर तुमचा फोन तीच ओळ बदलून पाठवतो

```
a=sendonly
```

म्हणजे आता माझ्याकडून फक्त जाईल, मी काही घेणार नाही. तुम्ही म्हणाल जाईल काय, आपण तर बोलत नाही. तीच तर जागा आहे जिथे ती बाई किंवा ते गाणं बसतं. रस्ता उघडा ठेवलेला असतो तो नेटवर्कने काहीतरी वाजवावं म्हणून.

म्यूटला अशी कुठली ओळ नाही. म्यूटमध्ये काही बोलणी होतच नाहीत, हा एवढाच काय तो फरक, आणि बाकी सगळं त्यातून निघतं.

होल्डवरचं गाणं एवढं भिकार का वाजतं हे मला दर दुसरा कस्टमर विचारतो. स्पीकर खराब नसतो. साधा फोन कॉल ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा नेतो, त्यात माणसाचं बोलणं समजतं पण तबल्याचा घुमारा खाली राहतो आणि झांजेची किणकिण वर राहते. त्यात मोबाईलमध्ये आवाज दाबून बसवायची जी पद्धत आहे ती माणसाचा घसा आणि तोंड डोक्यात ठेवून बनवलेली आहे, तिला सनई दिली तरी ती तिला एक विचित्र माणूस समजूनच पाठवते. म्हणून ते पाण्यात बुडाल्यासारखं, मधेच गुटळ्या झाल्यासारखं ऐकू येतं. व्होल्टेवर दोन्ही बाजू चांगल्या असतील तर ७००० हर्ट्झपर्यंत जातं, तिथे जरा बरं, पण वाटेत एक जरी जुना टप्पा आला की परत तेच.

ऑफिसातल्या फोनची गोष्ट यात थोडी वेगळी पडते. कंपनीत रिसेप्शनवर होल्ड दाबलं की गाणं नेटवर्क वाजवत नाही, कंपनीतलाच डबा वाजवतो, म्हणजे ईपीएबीएक्स. बाहेरच्या लाईनला माहीत पण नसतं की होल्ड झालंय, तिच्यासाठी कॉल चालू आहे आणि कुणीतरी गाणं म्हणतंय. त्या डब्याला मागे एक जागा असते जिथे बाहेरून गाणं देता येतं, लोक तिथे काय काय लावतात विचारू नका, जुना मोबाईल, पेनड्राईव्हवाला एफएम, एकदा तर मी एफएमवर चालू असलेली जाहिरात ऐकली आहे त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीची, म्हणजे गिऱ्हाईक होल्डवर आणि जाहिरात स्पर्धकाची. अंबडला एका ठिकाणी तक्रार होती की कस्टमर होल्डवर ठेवला की फोन ठेवून देतात. मी माझ्या मोबाईलवरून लावून बघितलं तर होल्डवर नुसती गुंईईई. मागची पिन अर्धी निघालेली, वायर ट्यूबलाईटच्या पट्टीला टेकलेली. दहा मिनिटांचं काम.

आणि मजा म्हणजे होल्डवरच्या गाण्याची सुरुवातच एका सुट्या वायरपासून झाली असं सांगतात. अमेरिकेत आल्फ्रेड लेव्ही नावाचा कारखानदार होता, त्याच्या कारखान्यात टेलिफोनची एक सुटी वायर लोखंडी तुळईला टेकली आणि शेजारच्या रेडिओ स्टेशनचं गाणं फोनवर होल्डवर असलेल्या लोकांना ऐकू जायला लागलं. त्याने १९६२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९६६ मध्ये मिळालं. त्याच्या वायरने गाणं दिलं, अंबडच्या वायरने गुंईईई. नशीब.

ऑफिसात अजून एक. कॉल सेंटरवाला "सर, दोन मिनिटं होल्डवर ठेवतो" म्हणतो आणि तुम्हाला गाणं ऐकू आलं, तर साधारणपणे त्याला तुमचं ऐकू येत नाही. पण कॉल रेकॉर्ड होत असेल तर गोष्ट वेगळी. रेकॉर्डिंग त्या मुलाच्या हेडफोनपाशी लागलेलं असेल तर होल्डमधलं तुमचं बोलणं त्यात येत नाही, पण रेकॉर्डिंग बाहेरच्या लाईनवर, जिथून कॉल ऑफिसात शिरतो तिथे लागलेलं असेल तर गाणं आणि गाण्यावरून तुमच्या शिव्या दोन्ही रेकॉर्ड होतात. मी दोन्ही प्रकार बसवले आहेत. आणि गाणं आलंच नाही, कोरी शांतता आली, तर समजा त्याने घाईत म्यूट दाबलंय आणि तुम्ही बायकोला सांगताय ते "हा काय येडा आहे" तो तोंडावर हात ठेवून ऐकतोय.

आता सगळ्यात मोठा घोळ, ज्याच्यासाठी मला खरं तर हे लिहायचं होतं. माझ्या एका कस्टमरकडे दर सोमवारी पुण्याच्या ऑफिसबरोबर कॉन्फरन्स असते, ९ जण, बरेचसे मोबाईलवरून नंबर लावून जोडलेले. एका सोमवारी मी तिथेच होतो दुसऱ्या कामाला. साहेब आकडे वाचत होते आणि मधेच ती बाई सुरू, 'आपण ज्यांच्याशी बोलत आहात त्यांनी…', हिंदीत, मग इंग्रजीत, मग परत हिंदीत. साहेब म्हणाले "कोण आहे, बंद करा." कोणी बंद करेना. "अहो कोण आहे!" बाई चालूच. शेवटी मीटिंग बंद करून सगळे परत जोडले, १५ मिनिटं गेली, आणि ज्याच्यामुळे झालं तो पठ्ठ्या सगळ्यात शेवटी हसत आला, "सॉरी सर, कुरिअरवाला होता."

काय झालं ते एकेक करून बघा. पठ्ठ्या कॉन्फरन्सवर होता, गप्प ऐकत होता. कुरिअरवाल्याचा फोन आला, स्क्रीनवर 'होल्ड करून घ्या' आलं, त्याने दाबलं. म्हणजे त्याने कॉन्फरन्सला होल्डवर टाकलं. त्याच्या नेटवर्कने नेहमीप्रमाणे होल्डवर गेलेल्या माणसाला अनाउन्समेंट वाजवली. पण तिथे माणूस नव्हता, तिथे कॉन्फरन्सचं मशीन होतं, ज्याचं कामच आहे एका लाईनवर आलेलं बाकी सगळ्यांना ऐकवायचं. त्याने बाईचा आवाज ८ जणांना ऐकवला. आणि साहेब कितीही ओरडले तरी पठ्ठ्याला ऐकू जाणं शक्यच नव्हतं, कारण होल्डमध्ये त्याच्याकडे येणारा रस्ता पण बंद. एकच माणूस हे थांबवू शकत होता आणि त्यालाच ते ऐकू येत नव्हतं.

आणि लक्षात घ्या, त्याने आधी म्यूट केलेलं असतं तरी हे झालंच असतं. म्यूट त्याच्या माईकवर, अनाउन्समेंट नेटवर्कमधून. माईक बंद असल्याचा त्या बाईला काही फरक पडत नाही.

अशा वेळी उपाय एकच चालतो, मीटिंग ज्याने उघडली आहे त्याने त्या एका लाईनला मशीनच्या बाजूने म्यूट करायचं किंवा काढून टाकायचं. बऱ्याच ठिकाणी ॲपमध्ये यादी दिसते आणि ज्या नंबरवरून आवाज येतोय तो चमकत असतो, बाई बोलत असताना कोण चमकतंय ते बघा, सापडतो. फक्त मग हा तिसरा म्यूट झाला, मशीनवरचा, आणि पठ्ठ्या कुरिअरवाल्याला संपवून परत आला की दहा मिनिटं एकटाच बोलत बसतो कारण त्याच्या फोनवर म्यूट दिसतच नाही. झूम किंवा गूगल मीटला फोन लावून जोडलेलं असेल तर `*6` दाबून तो सुटतो. वर कुकरच्या प्रयोगात म्हटलं ना, आकड्यांचे टोन म्यूटला जुमानत नाहीत, तेच इथे कामाला येतं.

आणि स्वतः पठ्ठ्या असाल तर सरळ आहे, कॉन्फरन्सवर असताना दुसरा फोन घेऊच नका, नाहीतर कॉन्फरन्स कट करून घ्या आणि परत जोडा. होल्ड नाही.

दोघांनी एकमेकांना होल्डवर टाकायचा प्रकार तर घरोघरी होतो. बायकोने मला होल्डवर ठेवलं, मी कंटाळून तेवढ्यात आलेला दुसरा फोन घेतला, म्हणजे नकळत मी पण तिला होल्डवर टाकलं. ती परत आली, तिला बाई ऐकू आली, ती चिडली की मी आलेय आणि हा कुठे गेला. तिने तिच्या बाजूचा होल्ड काढला पण माझा अजून आहे, जोपर्यंत दोन्ही सुटत नाहीत तोपर्यंत बोलणं सुरू होत नाही. एकाने सोडून भागत नाही.

आणि तळहात. जुन्या लोकांची सवय, फोनवर हात दाबून घरच्यांशी बोलायचं. काळ्या डबड्याच्या रिसीव्हरला एक तोंड होतं, ते पण नीट बंद व्हायचं नाही. आताच्या फोनला एक माईक खाली, एक वर कॅमेऱ्याजवळ, काहींना अजून एखादा, आणि फोनच्या खालच्या बाजूला नुसता हात ठेवून आवाज थोडा दबतो, संपत नाही. उलट हाताच्या घासण्याची खरखर मोठी जाते आणि त्यामागून वाक्य पण जातं. माझी आजी असाच हात ठेवून आत्याला विचारायची, "हिला सांगू का घरी आहे म्हणून?" आणि पलीकडून उत्तर यायचं, "कळलं मला आजी."

बिनतारी हेडफोनचं पण बघून ठेवा. काहींच्या बटणाने हेडफोनचा माईक बंद होतो पण फोनच्या स्क्रीनवर म्यूट दिसत नाही, आणि उलट स्क्रीनवरचं म्यूट काढलं तरी हेडफोनवाला बंदच असतो, मग 'आवाज येतोय का, आवाज येतोय का' चा अखंड हरिनाम सप्ताह. दोन जागी म्यूट करू नका, एकच ठरवा.

आयफोनवाल्यांना होल्डचं वेगळं बटण सापडत नाही, तिथे म्यूट दाबून धरलं की होल्ड होतं अशी सोय आहे, नुसतं टॅप केलं तर म्यूट. म्हणजे बोट किती वेळ ठेवलं यावर अख्खा फरक. व्यापाऱ्याकडे कुठला फोन होता मी विचारलं नाही.

मामांना हे सगळं मी त्या दिवशी ओट्यावरच सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कम्फर्ट नॉईजला "बरं" म्हणाले, ओळींना "असेल" म्हणाले. मग विचारलं, "म्हणजे तो होल्ड म्हणाला आणि गाणं नाही वाजलं, तर तो ऐकतोय असं समजायचं?" मी म्हटलं, "हो मामा, आणि गाणं वाजलं तरी रेटचं बोलू नका." या वर्षी जानेवारीत परत गेलो तेव्हा तोच व्यापारी फोनवर होता, परत म्हणाला दोन मिनिटं होल्ड करा, परत कोरी शांतता. मामांनी फोन उचलून तोंडाजवळ घेतला, मामीकडे बघत जरा मोठ्यानेच म्हणाले, "पिंपळगाववाला ४८ देतोय ना गं? याला उगाच थांबवून ठेवलंय मी."

मामी आतून म्हणाली, "कोण पिंपळगाववाला?"